कोटेशनमधले आठवडे, टॅक्स आणि पेमेंटचे दिवस नेमके कुठून मोजायचे

प्रश्न: आमचं छोटं युनिट आहे. सप्लायरचं ३ मार्चचं कोटेशन होतं, ५०० ब्रॅकेट, दर २४०, डिलिव्हरी ४ ते ५ आठवडे, टॅक्स एक्स्ट्रा, ४० टक्के ॲडव्हान्स. आम्ही २० मार्चला पीओ म्हणजे परचेस ऑर्डर पाठवली, त्यात माल १५ एप्रिलला आमच्या स्टोअरला आणि पेमेंट ३० दिवसांनी असं टाकलं. आता तो म्हणतो मे उजाडेल आणि ॲडव्हान्सशिवाय काम सुरू करणार नाही. आमची पीओ नंतरची आहे, मग तीच लागू होते ना? आणि हे दोन कागद नीट वाचायचे कसे?

उत्तर:

पीओ नंतरची आहे म्हणून ती आपोआप लागू होत नाही, हे आधी स्पष्ट करतो कारण बरेच जण इथेच फसतात. कोटेशन म्हणजे त्याने सांगितलेल्या अटी. तुमची पीओ त्या अटींशी जशीच्या तशी जुळली असती तर सौदा पक्का. पण तुम्ही तारीख बदलली, पेमेंट बदललं, म्हणजे तुम्ही त्याचं म्हणणं मान्य केलं नाही, उलट तुमचा नवा प्रस्ताव त्याच्याकडे पाठवला. आता तो होय म्हणतो का हे बघायचं. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, पण आंतरराष्ट्रीय माल विक्रीसाठी संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा व्हिएन्ना करार आहे त्याच्या कलम १९ मध्ये हेच लिहिलंय, आणि किंमत, पेमेंट, मालाचा दर्जा आणि संख्या, डिलिव्हरीची जागा आणि वेळ यातला बदल हा महत्त्वाचा बदलच धरला जातो. त्यामुळे तुमच्या केसमध्ये आज दोन प्रस्ताव टेबलावर आहेत, सही झालेला सौदा एकही नाही. तो नाराज होऊन बोलत असेल पण त्याचा मुद्दा चुकीचा नाही.

आता वाचायचं कसं. मी २० पेक्षा जास्त वर्षं परचेसमध्ये आहे आणि मी एकच सवय धरून ठेवलीय. कागदावर कुठलाही आकडा दिसला, मग तो आठवड्यांचा असो, टक्क्यांचा असो की दिवसांचा, त्याच्या पुढे पेन्सिलने लिहायचं, कधीपासून, कुठपर्यंत, कशावर. "५ आठवडे" हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. "४० टक्के" पण नाही. "३० दिवस" पण नाही. तो आकडा ज्या खुंटीला बांधलाय ती खुंटी बहुतेक वेळा कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात असते आणि आपण वरचा दर बघून खाली जातच नाही.

तुम्ही पूर्ण टर्म्स दिलेल्या नाहीत, पण अशा फॅब्रिकेशनच्या कोटेशनमध्ये खाली साधारण असं असतं, "डिलिव्हरी ४ ते ५ आठवडे, टेक्निकली आणि कमर्शियली क्लिअर पीओ, ॲडव्हान्स आणि ड्रॉइंग अप्रूव्हल मिळाल्यापासून, यातलं जे शेवटी मिळेल ते. किंमत एक्स-वर्क्स. पॅकिंग २ टक्के एक्स्ट्रा. टॅक्स डिस्पॅचच्या वेळी जो लागू असेल तो. ४० टक्के ॲडव्हान्स, बाकी प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर डिस्पॅचच्या आधी. व्हॅलिडिटी १५ दिवस." मी हे धरून पुढे मांडतो, तुम्ही तुमच्या कागदावर ताडून बघा.

सगळ्यात आधी व्हॅलिडिटी. ३ मार्च अधिक १५ दिवस म्हणजे १८ मार्च. तुमची पीओ २० ची. म्हणजे ज्या कोटेशनवर तुम्ही पीओ काढली ते दोन दिवस आधीच संपलेलं होतं. बहुतेक सप्लायर दोन दिवसांवरून अडवत नाहीत, पण दर २४० च राहील हे त्याच्याकडून लेखी घ्या, नाहीतर स्टीलचा भाव वर गेला असेल तर तोच मुद्दा तो नंतर काढेल.

डिलिव्हरीचं जरा सविस्तर सांगतो कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. समजा २० ला पीओ गेली, त्याने प्रोफॉर्मा, म्हणजे पैसे भरण्यासाठीचं आगाऊ कच्चं बिल, पाठवला, तुम्ही २५ ला ॲडव्हान्स भरला. २८ ला त्याचं ड्रॉइंग आलं, तुमच्याकडे कोणीतरी बघून २ एप्रिलला अप्रूव्ह केलं. तीन गोष्टींपैकी शेवटची २ एप्रिलला झाली, तर घड्याळ २ एप्रिलला सुरू होतं, २० मार्चला नाही. तिथून ४ आठवडे म्हणजे ३० एप्रिल, ५ आठवडे म्हणजे ७ मे. आणि "४ ते ५" असं लिहिलं असेल तर प्लॅनिंगसाठी नेहमी मोठाच आकडा धरायचा, कारण ५ व्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी माल दिला तरी त्याने शब्द पाळला असंच होतं.

पण ७ मे ला माल कुठे असेल? त्याच्या गेटच्या आत. एक्स-वर्क्सचा अर्थ तोच आहे. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे इन्कोटर्म्स नावाचे नियम आहेत, सध्याची आवृत्ती २०२० ची, त्यात एक्स-वर्क्समध्ये विकणाऱ्याने माल आपल्या जागेवर तुमच्या ताब्यात देण्यासाठी ठेवला की त्याचं काम संपलं, गाडीत चढवून देणं सुद्धा त्याच्यावर येत नाही. मग बाकीचे ६० टक्के भरल्याशिवाय माल सुटणार नाही, त्यात दोन दिवस, गाडीला तीन दिवस. म्हणजे तुमच्या स्टोअरला १२ मे. तुमच्या पीओवर १५ एप्रिल आहे आणि त्याच्या हिशेबाने १२ मे, आणि गंमत नाही, दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर आहेत.

हाच हिशेब उलटा करून बघायचा, मी पीओ काढायच्या आधी हे नेहमी करतो. १५ एप्रिलला स्टोअरला माल पाहिजे, त्यातून वाहतुकीचे तीन आणि पेमेंटचे दोन दिवस वजा केले की १० एप्रिल. त्यातून ५ आठवडे म्हणजे ३५ दिवस मागे गेलं की ६ मार्च. म्हणजे पीओ, ॲडव्हान्स, ड्रॉइंग सगळं ६ मार्चच्या आत व्हायला पाहिजे होतं आणि कोटेशनच मुळात ३ मार्चला आलं. २० तारखेला पीओवर १५ एप्रिल टाकली तेव्हाच ती तारीख अशक्य होती. अशक्य तारीख पीओवर टाकून सप्लायरवर दबाव येत नाही, उलट तो त्या तारखेकडे लक्ष द्यायचंच सोडतो, आणि पुढच्या वेळी खरी तारीख टाकली तरी तो तसाच वागतो.

ड्रॉइंगबद्दल एक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही कंट्रोल पॅनल मागवले होते, कोटेशनला ६ आठवडे, ॲडव्हान्स आम्ही दोन दिवसात भरला आणि मी निर्धास्त झालो. पाचव्या आठवड्यात फोन केला तर कळलं काम सुरूच नाही, कारण त्यांचं ड्रॉइंग आमच्याच इंजिनिअरच्या मेलमध्ये १९ दिवस पडून होतं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की याच्यावर घड्याळ अडलंय. तो उशीर पूर्ण आमचा होता, साइटवरची माणसं रिकामी बसली आणि मी सप्लायरला एक शब्द बोलू शकलो नाही. तेव्हापासून पीओ निघाली की घड्याळ सुरू करणाऱ्या गोष्टींपैकी आपल्याकडे काय आहे आणि ते कोण करणार हे मी त्याच दिवशी नावानिशी लिहून ठेवतो.

अजून दोन शब्द बघून घ्या. "वर्किंग डेज" लिहिलं असेल तर ३० दिवस म्हणजे आठवड्याला पाच दिवस धरून सहा आठवडे होतात, चार नाही. आणि "एक्स-स्टॉक, सब्जेक्ट टू प्रायर सेल" लिहिलं असेल तर माल आज आहे पण तुमच्या आधी दुसऱ्याने घेतला तर नाही, तिथे डिलिव्हरीची तारीख अशी काही मिळालेलीच नसते.

आणि ५०० नग तुम्हाला एकाच दिवशी लागणार आहेत का हे स्वतःला विचारा. बहुतेक वेळा नाही लागत. पहिले १५० आले तर असेंब्ली सुरू होते, बाकीचे नंतर. मग पीओवर एकच तारीख न टाकता लॉटप्रमाणे तारखा टाका, १५० अमुक तारखेला, ३५० तमुक तारखेला, आणि बिल प्रत्येक लॉटचं वेगळं. हे न लिहिल्यास तो २०० पाठवून ५०० चं बिल लावू शकतो, किंवा तुमचं स्टोअर अर्धवट माल म्हणून गाडी परत पाठवू शकतं, दोन्ही मी बघितलंय.

आता टॅक्स. नाव जीएसटी असो की व्हॅट, वाचायची पद्धत एकच, टॅक्स कशावर लागतोय आणि तो तुम्हाला परत मिळतो का. तुमचा हिशेब मांडू. ५०० गुणिले २४० म्हणजे १,२०,०००. पॅकिंग २ टक्के, २,४००. वाहतूक सप्लायरने करून बिलात लावली आणि ती समजा ३,६०० आहे. झाले १,२६,०००. टॅक्सचा दर १८ टक्के धरू, तुमच्या मालाला जो लागू असेल तो तुम्ही घाला, आणि पॅकिंग आणि वाहतूक एकाच बिलात आली की साधारण त्यावर पण मालाचाच टॅक्स लागतो म्हणून १,२६,००० वर धरतो, २२,६८०. एकूण १,४८,६८०. नगाला २९७ च्या वर. तुमच्या डोक्यात २४० होतं.

समजा दुसरा एक सप्लायर आहे, टॅक्ससाठी रजिस्टर नसलेला, तो म्हणतो २७० ला घरपोच, टॅक्स वगैरे काही नाही. ५०० चे १,३५,०००. कोण स्वस्त? तुम्ही स्वतः टॅक्ससाठी रजिस्टर असाल आणि खरेदीवरचा टॅक्स तुम्हाला क्रेडिट म्हणून वळता मिळत असेल तर पहिल्याकडचे २२,६८० तुमचा खर्च नाही, खरा खर्च १,२६,००० म्हणजे नगाला २५२, आणि दुसऱ्याकडे १,३५,००० पूर्ण खर्च, क्रेडिट शून्य. पहिला स्वस्त. पण तुम्ही रजिस्टर नसाल किंवा तुमच्या स्कीममध्ये क्रेडिट मिळत नसेल तर पहिला १,४८,६८० ला पडतो आणि दुसरा १,३५,००० ला. म्हणजे तेच दोन कागद, आणि उत्तर तुमच्या टॅक्सच्या स्थितीवर उलटतं. म्हणून कोटेशन तुलना करताना दराचा रकाना बघायचा नाही, दोन रकाने करायचे, एक खिशातून जाणारे पैसे आणि दुसरा क्रेडिट वजा करून उरणारा खर्च. क्रेडिट मिळत असलं तरी ते २२,६८० आधी खिशातूनच जातात आणि परत यायला वेळ लागतो, छोट्या धंद्यात तो वेळ पण जाणवतो.

क्रेडिट हवं असेल तर तुमच्या पीओवर बिल कोणाच्या नावाने, पत्ता आणि टॅक्स नंबर बरोबर आहे ना हे बघा. सप्लायर बिल तुमच्या पीओवरूनच बनवतो, तिथे नंबर चुकला की बिलावर चुकतो आणि क्रेडिट अडकतं. आणि तुमच्या पीओवर टॅक्सच्या जागी बहुतेक "ॲज ॲप्लिकेबल" असेल. त्यापेक्षा "दर टॅक्स सोडून, टॅक्स बिलाच्या तारखेचा जो असेल तो" किंवा "दर सगळे टॅक्स धरून" यातलं एक सरळ लिहा. "इन्क्लुसिव्ह" लिहिलंत तर मध्येच टॅक्सचा दर बदलला तर तो कोणी सोसायचा हे पण एका ओळीत लिहा, कारण ऑर्डर आणि डिस्पॅच यांच्यात दोन महिने असले की असं होऊ शकतं.

ॲडव्हान्सचे ४० टक्के कशावर, हा प्रश्न पण इथेच येतो. बेसिक १,२०,००० वर असेल तर ४८,०००, टॅक्स आणि सगळं धरून असेल तर ५९,४७२. साडेअकरा हजारांचा फरक आहे आणि कोटेशनमध्ये नुसतं "४० टक्के ॲडव्हान्स" लिहिलेलं असतं. विचारून घ्या, बरेच सप्लायर बेसिकवर घ्यायला तयार होतात आणि टॅक्स शेवटच्या पेमेंटबरोबर.

पेमेंटमध्ये तुमचे ३० दिवस. कधीपासून? समजा बिल ७ मे चं, माल पोचला १० मे ला, तुमची तपासणी होऊन माल पास झाला १४ मे ला. बिलापासून धरलं तर देय ६ जून, माल पोचल्यापासून ९ जून, पास झाल्यापासून १३ जून, आणि काही ठिकाणी "महिना अखेरपासून ३०" असतं ते ३० जून. चार वेगळ्या तारखा एकाच आकड्यातून. सप्लायर बिलाची तारीख धरणार, तुमचा अकाउंट्सवाला माल पास झाल्याची, आणि मग जूनमध्ये एक आठवडा दोघं एकमेकांना फोन करत बसणार. माझं मत विचाराल तर पास झाल्यापासून धरा पण पास करायला स्वतःवर मर्यादा घाला, माल पोचल्यापासून ७ दिवसात कळवलं नाही तर पास समजा. नुसतं "तपासणीनंतर" लिहिलं तर सप्लायरला वाटतं तुम्ही कधीच तपासणार नाही, आणि खरं सांगायचं तर कित्येक जण तसं करतात.

पण तुमच्या केसमधला खरा प्रश्न ३० दिवस नाहीच. त्याला ४० आधी आणि ६० डिस्पॅचच्या आधी हवेत, म्हणजे तुम्ही माल बघायच्या आधी १०० टक्के पैसे गेलेले. तुम्हाला सगळे पैसे माल बघून ३० दिवसांनी द्यायचेत. हे अंतर एका ओळीने मिटणार नाही. तुमच्या मापाचे ब्रॅकेट तो दुसऱ्या कोणाला विकू शकत नाही म्हणून त्याला ॲडव्हान्स लागतो, ते रास्त आहे, कच्चा माल तरी त्यातून आला पाहिजे. तुमची रास्त मागणी अशी की पाठवायच्या आधी त्याच्या जागेवर जाऊन माल तपासू द्या आणि थोडे पैसे मागे ठेवू द्या. ३० टक्के ॲडव्हान्स, ६० टक्के तिथे तपासून डिस्पॅचच्या आधी, १० टक्के माल पोचून पास झाल्यावर १५ दिवसात, असं मी अशा ऑर्डरला सुचवतो आणि बहुतेक वेळा जमतं. मागे ठेवलेले १० टक्के म्हणजे कोटिंग निघालं, भोकं जुळली नाहीत तर बोलायला तुमच्या हातात काहीतरी राहतं.

आता करायचं काय. ॲडव्हान्स भरायच्या आधी त्याला एक मेल करा, पीओ रद्द करू नका, फोनवर भांडू पण नका. साधारण असं लिहा, "तुमचं ३ मार्चचं कोटेशन आणि आमची २० मार्चची पीओ यात डिलिव्हरी आणि पेमेंट जुळत नाही. आम्ही सुधारित पीओ देतोय, दर २४० टॅक्स आणि पॅकिंग सोडून, वाहतूक तुम्ही करून बिलात लावायची. पहिले १५० नग ॲडव्हान्स आणि ड्रॉइंग अप्रूव्हलपासून ३ आठवड्यात, बाकी ३५० पाच आठवड्यात, दोन्ही आमच्या स्टोअरला पोचवून. ड्रॉइंग आल्यावर आम्ही दोन दिवसात उत्तर देऊ. पेमेंट ३०, ६०, १०, ॲडव्हान्स बेसिकवर. हे मान्य असल्याचं लेखी कळवा." सुधारित पीओवर नंबरापुढे रिव्हिजन १ आणि तारीख टाका, आणि "आधीची पीओ रद्द, ही लागू" ही ओळ विसरू नका, नाहीतर त्याच्या फाईलला दोन पीओ राहतात आणि माल दोनदा येऊ शकतो.

मग त्याचं ऑर्डर ॲक्सेप्टन्स येईल, आणि ते पण वाचायचं, फक्त फाईलला लावायचं नाही. तिथे बऱ्याचदा खाली परत "आमच्या स्टँडर्ड टर्म्स लागू" असं छापलेलं असतं आणि मागच्या पानावर परत एक्स-वर्क्स आणि परत १०० टक्के डिस्पॅचच्या आधी. तसं असेल तर पैसे न पाठवता त्याच दिवशी उत्तर द्या की पीओ रिव्हिजन १ च्याच टर्म्स लागू आहेत, तेवढ्याचं कन्फर्मेशन द्या. कारण त्या कागदावर काही न बोलता तुम्ही ॲडव्हान्स भरलात की पुढे वाद झाला तर तो म्हणणार तुम्ही आमच्या टर्म्स बघून पैसे भरले, आणि ते खोडून काढायला तुमच्याकडे काही नसेल. कन्फर्मेशन आलं की त्याच दिवशी ॲडव्हान्स सोडा आणि ड्रॉइंग कोण बघणार ते ठरवून टाका, घड्याळ तुमच्याकडून सुरू व्हायचंय.